तेरावी ओळ

त्या मुलीने प्रत्येक संख्येच्या शेवटी एक बारीक ठिपका दिला होता. पूर्णविराम नव्हे, आकडा लिहून झाल्यावर पेन्सिल क्षणभर तिथेच टेकून राहिली की उमटतो, तसा. पहिल्या चार-पाच ओळींत तो जेमतेम दिसत होता. संख्या मोठ्या होत गेल्या तसा ठळक होत गेला, आणि सगळ्यात खाली, दोनशे तेहतीसपाशी, कागद जवळजवळ भोकाला आला होता. म्हणजे पोरीने पाठ केलेलं उतरवलं नव्हतं. दर ओळीला थांबून, वरच्या दोन संख्यांची बेरीज करून, मगच ती पुढे गेली होती.

त्या शेवटच्या ओळीवर लाल फुली होती.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पुन्हा लावला. फुली तिथेच होती. निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेच्या त्या परीक्षाप्रमुख. तपासून झालेल्या गठ्ठ्यांतून मधूनमधून एखादी उत्तरपत्रिका काढून नजर टाकायची, एवढंच त्यांचं काम. यंदा तेही जिवावर आलं होतं. टाचा दुखत होत्या, चष्म्याचा नंबर बहुतेक पुन्हा वाढला होता, आणि ग्रंथालयाच्या ज्या लांबट खोलीत तपासणी चालायची तिथली एक ट्यूब सकाळपासून मिचमिच करत होती. ती बदला असं सांगायचाही त्यांना कंटाळा आला होता.

शेवटचा प्रश्न सशांचा होता. पेपरातला सगळ्यात जास्त गुणांचा.

बाईंनी प्रश्नपत्रिका ओढून घेतली आणि तो पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा सावकाश वाचला. एका बंदिस्त अंगणात सशांची एक नुकती जन्मलेली जोडी सोडली. कोणतीही जोडी जन्मल्यापासून दुसरा महिना संपताना पहिल्यांदा पिल्लांची एक जोडी देते आणि पुढे प्रत्येक महिना संपताना आणखी एक. एकही ससा मरत नाही. बारा महिने पूर्ण झाल्यावर अंगणात किती जोड्या असतील?

त्यांनी मनाशी मोजलं. सुरुवातीला एक. पहिला महिना संपला, तरी एकच; ती अजून लहान. दुसरा संपला, दोन. मग तीन, पाच, आठ. दर वेळी गेल्या महिन्यातल्या सगळ्या जोड्या असतातच, त्यात नव्यांची भर पडते. आणि नव्या तेवढ्याच, जेवढ्या दोन महिन्यांपूर्वी होत्या, कारण त्याच एव्हाना पिल्लं द्यायच्या वयाला आलेल्या असतात. तेरा, एकवीस, चौतीस, पंचावन्न, एकोणनव्वद. अकरा महिने संपले तेव्हा एकशे चव्वेचाळीस. बारा संपले तेव्हा दोनशे तेहतीस.

आणि आदर्श उत्तरपत्रिकेत, टपोऱ्या, ओळखीच्या अक्षरात, उत्तर होतं एकशे चव्वेचाळीस.

अक्षर ताईचं होतं. बाईंच्या थोरल्या बहिणीचं.

समोरच्या टेबलावर नव्याने रुजू झालेल्या गणिताच्या बाई मान खाली घालून लाल पेन चालवत होत्या. त्यांना हाक मारून बाईंनी विचारलं, ही फुली कशी पडली. नव्या बाई गडबडल्या. म्हणाल्या, आदर्श उत्तरपत्रिकेत एकशे चव्वेचाळीस आहे, मुलीने एक ओळ जास्त लिहिली, बारा महिने म्हणजे बारा ओळी. मग स्वतःच कागद पाहत हळूच म्हणाल्या की पहिल्या ओळीपुढे तिने ‘सुरुवातीला’ असं लिहिलंय खरं.

“लिहिलंय ना,” बाई म्हणाल्या. “तेव्हा एकही महिना झालेला नाही.”

पलीकडे बसलेल्या विज्ञानाच्या सरांनी हे ऐकलं. सर शाळेत बाईंच्याही आधीपासूनचे. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि मनात काही नसायचं. खुर्ची मागे रेलून ते म्हणाले, “मी दरवर्षी सांगतो, त्या सशांना कुटुंबनियोजन शिकवा. आपण सुटू आणि तेही सुटतील.” नव्या बाई हसल्या. बाईंनाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोहोचलं नाही.

बाईंनी तपासून झालेले आणखी दोन गठ्ठे उलगडले. एकशे चव्वेचाळीस लिहिणारे पुष्कळ होते. त्यांतल्या बहुतेकांनी बाकी काहीच लिहिलं नव्हतं. संख्यांची माळ शिकवणीत पाठ केलेली, त्यातली बारावी उचलून ठेवलेली. दोनशे तेहतीस लिहिणारे मोजके. पण ज्यांनी लिहिलं होतं त्यांनी तक्ते काढले होते, खोडलं होतं, पुन्हा मोजलं होतं. एका मुलाने तर लहान कान आणि मोठे कान काढून पाचव्या महिन्यापर्यंत ससेच रंगवले होते. सगळ्यांना फुली.

सरांनी एव्हाना काय झालं ते ताडलं होतं. नव्या बाई पाणी प्यायला गेल्याचं पाहून ते खुर्ची सरकवत जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका, प्रश्नच रद्द करू, सगळ्यांना पूर्ण गुण देऊन टाकू, कोणाला ताकास तूर लागणार नाही.

बाई म्हणाल्या, “जागा मोजक्याच आहेत, सर. गुणांच्या क्रमाने घ्यायचं. सगळ्यांना दिले म्हणजे कोणालाच दिले नाहीत.”

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, “आणि उत्तर बदललं तर?”

ते काय विचारत होते हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. उत्तर बदलायचं तर संस्थेच्या चिटणीसांना लेखी कळवावं लागणार: प्रश्न बरोबर, पेपर काढणाऱ्यांनी दिलेलं उत्तर चूक. चिटणीस यंदा आधीच कुरकुरत होते. एक बहीण पेपर काढते, दुसरी परीक्षाप्रमुख, हे कोणत्या तरी पालकाला खटकलं होतं. त्यावर त्यांनी नियम केला की पेपर आणि उत्तरं मोहोरबंद पाकिटातून थेट त्यांच्याकडे यावीत, छपाई ते स्वतः करून घेतील, आणि परीक्षेच्या सकाळपर्यंत पेपर दुसऱ्या कोणी पाहू नये. परीक्षाप्रमुखांनीसुद्धा नाही. आता त्यांना असं पत्र गेलं, तर ताईकडून पेपर काढून घ्यायला त्यांना आयतंच कारण मिळणार होतं.

आणि ताईकडे आता तेवढंच उरलं होतं. निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली होती. गुडघ्यांमुळे बाहेर जाणं बंद, मैत्रिणी एकेक करून गेल्या. पण वर्षातून एकदा शाळेतून माणूस यायचा, पेपर काढण्याचं पत्र हातात द्यायचा, आणि पुढचा महिनाभर ताई सकाळी केस नीट विंचरून टेबलाशी बसायची. त्या महिन्यात तिला कोणी हाक मारायची नाही, कुकरची शिट्टीसुद्धा बेतानेच व्हायला हवी.

“उद्या सांगते,” बाई सरांना म्हणाल्या. “तोवर शेवटचा प्रश्न कोणी तपासू नका.”

“उद्या म्हणजे उद्याच ना?” सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागलं.

कारण हे उद्या फार जुनं होतं. गेली काही वर्षं ताईच्या पेपरात काहीबाही निघत होतं. एकदा एका त्रिकोणाच्या बाजू तिने तीन, चार आणि आठ दिल्या होत्या. असा त्रिकोण जगात कुठे जुळत नाही. एकदा हौद भरायला लागणारा वेळ, रिकामा व्हायला लागणाऱ्या वेळात मिसळून बसला होता. पूर्वी पेपराची स्वच्छ प्रत बाईच करायच्या, तेव्हा त्या गुपचूप आकडे दुरुस्त करायच्या आणि ताईला काही बोलायच्या नाहीत. आठाचे सहा केले की त्रिकोण उभा राहायचा, ताईचा मानही राहायचा. दर वर्षी त्या मनाशी ठरवायच्या की यंदा तिला सांगायचं, आता पुरे. आणि दर वर्षी पत्र हातात घेतानाचा तिचा चेहरा पाहून शब्द गिळायच्या. यंदा पाकीट बंद झालं, आणि दुरुस्तीची वाटही.

संध्याकाळी घरी पोहोचल्यावर चपला काढायला बाई पायरीवरच बसल्या. उठावंसं वाटेना. आतून ताईने विचारलं, छोटी, तू आलीस का. बाईंची साठी जवळ आली होती, पण ताईच्या लेखी त्या छोटीच होत्या. आई गेली तेव्हा ताईने वेण्या घातल्या, पाढे घेतले, आणि एकीचं शिक्षण होण्यापुरतीच ऐपत आहे म्हटल्यावर स्वतः नोकरी धरून हिला शिकवलं. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. बाईंना वाटायचं, एकदा बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. मग भांडता तरी आलं असतं.

ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. पेपर कसा होता म्हणतात, हा तिचा पहिला प्रश्न. ठीक होता म्हणतात, बाई म्हणाल्या, आणि पातेलीत पाणी ओतता ओतता, जमेल तितक्या सहज आवाजात, विचारलं की सशांचा प्रश्न तू यंदा वेगळ्या शब्दांत घातलास का.

ताई खूश झाली. म्हणाली, घातला की. इतकी वर्षं ‘बाराव्या महिन्याच्या सुरुवातीला’ असं विचारायचे, पोरांचा घोळ व्हायचा. यंदा सरळ केला: बारा महिने पूर्ण झाल्यावर.

“आणि उत्तर?”

“उत्तर काय, तेच. एकशे चव्वेचाळीस.” ताईने शेंग फोडली. “मी झोपेत सांगेन.”

सांगितलंही तिने. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, एकशे चव्वेचाळीसपर्यंत, एका दमात, शाळेत प्रार्थना म्हणतात त्या लयीत. एकही चुकला नाही. बाई गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना वाटलं, आता एवढंच म्हणायचं: ताई, पहिला एक म्हणजे सुरुवात, बाराव्या महिन्याची सुरुवात म्हणजे अकरा संपलेले, म्हणून तेव्हा एकशे चव्वेचाळीस बरोबर होतं, आता बारा संपले, एक पायरी पुढे जा. ताई समजूतदार होती. तिला एवढं सांगितलं तर जीभ चावेल, कपाळावर हात मारेल, आणि उद्या आपण पत्रात लिहू: उतरवताना नजरचूक. नजरचूक कोणाची होत नाही?

त्यांनी चहा दोन कपांत ओतला, समोर बसल्या आणि हे सगळं नीट, हळू सांगितलं.

ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “असं तोंडी नको. मांडून बघू. वर्गात मी बटणं मांडायचे, ठाऊक आहे ना?”

शिवणाच्या डब्यातून तिने बटणं काढली आणि लहान एकीकडे, मोठी एकीकडे लावली. लहान बटण म्हणजे नुकती जन्मलेली जोडी. महिना गेला की ते उचलून त्या जागी मोठं ठेवायचं. आणि आधीपासूनच मोठं असलेल्या प्रत्येक बटणाशेजारी एक नवं लहान ठेवायचं. एवढाच नियम. बाईंना तो ताईनेच शिकवला होता, याच टेबलाशी नाही, पण अशाच एका टेबलाशी.

ताईने एक लहान बटण ठेवलं. ते उचलून मोठं ठेवलं. “पहिला महिना.” मोठ्याशेजारी एक लहान. “दुसरा. दोन.” लहान उचलून मोठं, जुन्या मोठ्याशेजारी नवं लहान. “तिसरा. तीन.” चौथ्याला तीन मोठी आणि दोन लहान झाली. पाच. बोटं बटण बरोबर पकडत होती. बाईंना बरं वाटू लागलं. त्यांनी चहाचा घोट घेतला.

पाचव्या महिन्याला ताईने दोन्ही लहान बटणं उचलून मोठी ठेवली. आता पाच मोठी झाली. मग तिने पाचांतल्या प्रत्येकाशेजारी एकेक लहान बटण ठेवलं.

“दहा,” ती म्हणाली, आणि थांबली.

बाई काही बोलल्या नाहीत. आत्ताच मोठ्या झालेल्या दोघांनाही तिने पिल्लं देऊन टाकली होती. त्यांनी अजून एक महिना थांबायचं असतं. सगळा प्रश्न तेवढ्यावरच तर उभा आहे. नाहीतर दर महिन्याला नुसती दुप्पटच झाली असती, आणि मागच्या दोन महिन्यांची बेरीज कोणी कशाला करत बसलं असतं.

“आठ यायला हवेत,” ताई म्हणाली. “आठच येतात.”

तिने सगळं पुसल्यासारखं गोळा केलं आणि पहिल्यापासून मांडलं. या वेळी चौथ्या महिन्यालाच सहा झाले. तिसऱ्यांदा मांडताना ती मधेच हात उचलून बटणांकडे बघत राहिली. शेंगांच्या सालींचा ढीग तिच्या कोपराशी होता, त्यातली एक साल बाहीला चिकटली होती. ती झटकायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

“छोटी,” ती म्हणाली, “यातले आत्ता मोठे झालेले कुठले आणि आधीचे कुठले गं?”

बाईंनी बोटाने दाखवलं. ताईने मान हलवली, दोन बटणं बाजूला केली, आणि क्षणभराने पुन्हा तेच विचारलं.

म्हणजे नजरचूक नव्हती. बाईंना ते खोलीत पाणी शिरावं तसं, हळूहळू आणि सगळीकडून, कळत गेलं. संख्यांची माळ ताईच्या तोंडात शाबूत होती. ती कदाचित शेवटपर्यंत राहील. पण ती ओवणारा हात गेला होता. आज वर्गात बसवली असती तर तिनेही पाठ केलेली बारावी संख्या लिहिली असती, आणि तिच्याच आदर्श उत्तरपत्रिकेने तिला पूर्ण गुण दिले असते. दर ओळीला थांबून मोजणाऱ्या त्या मुलीला मात्र फुली. एके काळची ताई अशा मुलीच्या पाठीवर थाप मारून तिला फळ्याशी उभी करायची.

ताईने बटणं एकेक करून डब्यात टाकायला सुरुवात केली.

“तू बोलत का नाहीस?” तिने विचारलं. आवाजात राग होता, पण तो फार थकलेला होता. “इतकी वर्षं माझे पेपर नीट करत आलीस. मला काय कळत नव्हतं? त्रिकोण मी आठाचा काढला होता, छापून सहाचा आला. मी वाट बघायचे, ही कधी बोलते. नाही बोललीस. मला वाटलं, हिला चालतंय म्हणजे अजून फार बिघडलं नसेल.”

बाईंना एकदम उठून निघून जावंसं वाटलं, कुठेही. बाहेरच्या पायरीवरसुद्धा चाललं असतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की त्या ताईला जपताहेत. आणि ताई त्यांच्या गप्प राहण्यावर स्वतःला तोलून बघत होती.

“मला सांगवत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“आणि मला विचारवत नव्हतं,” ताई म्हणाली. डब्याचं झाकण तिने लावलं, ते नीट बसलं नाही, तिने ते तसंच राहू दिलं. “किती पोरांचं गेलं?”

“थोड्यांचं. पण खरं मोजलेल्यांचं.”

“मग?”

बाहेर रस्त्यावरून कोणी तरी सायकल ढकलत चाललं होतं. चाकाचा करकर आवाज खिडकीखालून हळूहळू लांब गेला. बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. सर उद्या सकाळी विचारणार होते, चिटणीसांशी दुपारी बोलावं लागणार होतं. पण त्या दोघांना सांगणं सोपं होतं, हे त्यांना आता समजत होतं. अवघड ते इथेच होतं, या टेबलाशी, आणि ताईने प्रश्न विचारून निम्मी वाट स्वतःच चालून दिली होती.

त्यांनी ताईच्या बाहीवरची साल काढली आणि तिच्याकडे बघून म्हणाल्या,

“उद्या मी चिटणीसांना लिहून देणार आहे की उत्तर दोनशे तेहतीस आहे, आणि सगळे गठ्ठे पुन्हा तपासायचे. आणि ताई, यापुढे पेपर तू काढायचा नाहीस.”